मिरचीच्या ढिगाची उजवी बाजू

हिशेब मांडला तर धाकटीच्या पदरात बरंच काही पडणार होतं. हळदीचा आणि मिरचीचा ढीग शेठच्या पसंतीला उतरला, की दाजींच्या फोटो-स्टुडिओतली चाकांची खुर्ची तिची, चाळण्यांचं कपाट तिचं, आणि यापुढे मसाल्याच्या प्रत्येक कामावर मांडणी करणारी म्हणून नाव तिचं. आजवर लोक तिला ‘बाईंची बहीण’ म्हणत. बाई गेल्या, तशी ती ‘बाईंच्या जागी आलेली’ झाली. बढती झाली म्हणायची, पण पाय टेकायला स्वतःची जागा काही मिळाली नाही. ढीग फसले तर पुन्हा वह्या-पेनांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहायचं आणि गिऱ्हाइकांना खोडरबरं दाखवायची.

आईचा हिशेब याहून सुटसुटीत होता. "खुर्ची कसली मागतेस," ती म्हणाली होती, "अख्खं घर रिकामं आहे. तुझे दाजी स्वतःचा चहा स्वतः करतात आणि अजून दोन कप भरतात. काम जमलं तर ठीक. नाही जमलं तर माणूस जमव."

"आई, माणूस म्हणजे काय उरलेली भाजी आहे का, वाया जाऊ नये म्हणून मी संपवायची?"

"भाजी नाही. पण वाया जातोयच ना?"

धाकटीनं ताट उचललं. रागावण्यासारखं तिच्याकडे एक कारण होतं: आईनं हे बोलताना एकदाही ताईचं नाव घेतलं नव्हतं. जणू खोली सोडून भाडेकरू गेला.

शेठ म्हणजे मसाल्याच्या कंपनीचे मालक. त्यांच्या दुकानाच्या दर्शनी भिंतीवर वर्षानुवर्षं एकच बॅनर होता. ढीग ताईनं मांडलेले, फोटो दाजींनी काढलेला. डावीकडे जरा मागे हळद, उजवीकडे पुढे मिरची, आणि खाली कंपनीचं नाव. उन्हानं त्यातला पिवळा खाल्ला, लाल खाल्ला, आणि उरला तो नुसता निळा. हळद राखेसारखी झाली, मिरची एखाद्या जुन्या माराच्या वळासारखी काळीनिळी. येणारेजाणारे विचारू लागले, "शेठ, मसाला बंद करून सिमेंट काढलं की काय?" शेठ हसायचे, पण दुपारच्या वेळी त्या बॅनरखालून जाताना मान वर करायचे नाहीत. त्यांनी एकदा दाजींना सांगितलं, "निळ्या मिरचीकडे फार वेळ पाहिलं की वाटतं, आपणच मेलोय आणि तिकडून बघतोय."

जुना फोटो हार्ड डिस्कच्या ज्या डबीत साठवला होता ती केव्हाच बंद पडली होती. उरली होती ती शेठच्या खणातली तळहाताएवढी छपाई. तिच्यातला रंग मात्र अंधारात राहिल्यामुळे ताजा होता. शेठनं ती दाजींच्या टेबलावर ठेवली आणि अट घातली.

"अस्सं पाहिजे. आणि कॉम्प्युटरची कलाकुसर नको. मी माझ्या गिरणीतून ताटलीत मसाला घेऊन येईन, नमुन्याच्या छापलेल्या पट्टीशेजारी धरीन. ताटलीतली मिरची आणि पट्टीतली मिरची सख्ख्या बहिणी वाटल्या पाहिजेत."

सख्ख्या बहिणी म्हटल्यावर दाजींनी धाकटीकडे पाहिलं नाही. ते कुणाकडेच पाहत नसत. कॅमेऱ्याच्या मागे राहून राहून त्यांना ती सवयच लागली होती.

*

हळद आणि मिरची या दोघींचे स्वभाव वेगळे. हळद बारीक आणि चिकट वृत्तीची. हवेतला ओलावा पिते, गोळे धरते. ढीग केला तर सरळ कड्यासारखा उभा राहतो, मग मध्येच एखादी भेग पडून अर्धा कडा खाली. म्हणून ती आधी पसरट ट्रेमध्ये मंद उबेवर कोरडी करायची, गार होऊ द्यायची, आणि बारीक चाळणीतून वरून सोडायची. मिरची भरड, उतावळी. तिचा ढीग टोकाशी थांबतच नाही, जाडे कण आणि बियांचे तुकडे घरंगळत पायथ्याशी जमतात. तेच खरं दिसतं, म्हणून ते पुसायचे नाहीत. आतून पालथा वाडगा ठेवायचा, म्हणजे दोन पोती ओतावी लागत नाहीत. आणि तेलाचा हात कशालाच लावायचा नाही. चमक आली की मसाला ओला वाटतो, आणि ओला मसाला म्हणजे नासका मसाला.

हे सगळं धाकटी शिकली होती. तिचे ढीग बरे उभे राहत. ताईपेक्षा तिचा हात हलका आहे, हे दाजींनीही एकदा कबूल केलं होतं. म्हणजे असं, की ते "हं" म्हणाले होते.

अडत होतं ते मिरचीच्या उजव्या बाजूला.

दिवा डावीकडून, मागून, खालच्या कोनात लावायचा. मग उजेड ढिगांवरून सरपटत येतो आणि कणन् कण सुटा दिसतो. मिरचीची डावी बाजू पेटते, उजवीवर सावली पडते. ही सावली गडद हवी, पण आत कण दिसायला हवेत. वाळलेल्या मिरचीच्या सालीचा आतला काळपट लाल असतो तशी. दाजी उजेड थोडा कमीच ठेवायचे, कारण लाल रंग भरला की फुटतो, कण पुसले जातात आणि ढीग तेलरंगाने माखल्यासारखा होतो. एवढं करूनही पहिली पट्टी छापून आली तेव्हा शेठनं ताटली शेजारी धरली आणि तोंड वाकडं केलं.

"डावीकडे मिरची आहे. उजवीकडे वीट आहे. लोक म्हणतील, शेठनं विटांचा भुगा घातला, आणि वर त्याचा फोटो लावला."

आणि ते खरंच होतं. सावलीतली मिरची विटकरी झाली होती. कारण शोधायला लांब जायला नको होतं. टेबलाच्या उजव्या बाजूला, माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा सोडून, भिंत होती. आणि ती भिंत पिवळी होती.

ताई त्या भिंतीशी उभं राहून हळद चाळायची. वर्षानुवर्षांची धूळ कमरेच्या उंचीपर्यंत मुरली होती. शिवाय तोल सावरायला ती मागे हात टेकायची. तिचे पंजे त्या पिवळ्यावर अजून पिवळे उमटले होते. बोटं नीट मोजता यावीत इतके. उन्हात हळदीचा रंग उडतो, पण स्टुडिओत ऊन शिरतच नव्हतं. खिडक्यांना काळे पडदे. म्हणून ताईचे हात तिथेच राहिले, ताई गेली तरी. दिव्याचा उजेड भिंतीवर जायचा, पिवळा होऊन परत यायचा, आणि मिरचीच्या सावलीत बसायचा.

"भिंत रंगवू या," धाकटीनं सुरुवातीलाच म्हटलं होतं.

दाजी लेन्स पुसू लागले. नंतर आईनं सांगितलं. ताई गेल्यावर आईनंच एक रंगारी पाठवला होता, जावयाला त्या हातांकडे बघत बसायला नको म्हणून. त्यानं चुन्याचा पहिला हात कोपऱ्यात मारला आणि भिंत लालभडक झाली. हळदीला चुना लागला की होणारच ते. रंगाऱ्याला काय ठाऊक. त्याला वाटलं आतून काहीतरी फुटलं. तो ब्रश टाकून मागे सरला, आणि दाजींनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. कोपऱ्यात तो पट्टा अजून होता, सुकून तपकिरी झालेला. धाकटी तिकडे पाठ करून काम करायची.

मग दुसरी पट्टी. भिंतीपुढे काळा पुठ्ठा उभा करून. पिवळा गेला, पण सावलीबरोबर कणही गेले. शेठ म्हणाले, "आता वीट नाही. आता कोळसा. प्रगती आहे, पण चुकीच्या दिशेनं." पुठ्ठ्यावर खाकी कागदाचे तुकडे चिकटवून पाहिले, सावलीत ठिगळं दिसली. काळं कापड टांगलं. त्याचे धागे उडून हळदीवर बसले आणि मोठ्या छपाईत अळ्यांसारखे दिसले असते. कॉम्प्युटरवर सावलीतला पिवळा उपसून काढला तर कण लापशीसारखे एकमेकांत विरघळले.

शेठनं तिसरी संधी दिली. "शेवटची हं," ते दारात म्हणाले. "नाहीतर दुसरीकडे जातो. तिकडे म्हणे नुसतं टाइप केलं की ढीग तयार होतो. मसाला लागतच नाही."

"मग विकायलाही लागणार नाही," धाकटी म्हणाली.

शेठ खो-खो हसले आणि जाताना दाजींना म्हणाले, "ही बाईंपेक्षा तिखट आहे."

*

त्या शेवटच्या प्रयत्नाच्या सकाळी धाकटीनं आधी तळहाताएवढी जुनी छपाई भिंग घेऊन पाहिली. मिरचीची उजवी बाजू. गडद, पण मेलेली नाही. कणांच्या कडांवर कसलीशी मंद ऊब. पुठ्ठ्याची नाही, कागदाची नाही. तिनं भिंग डोळ्याला अजून जवळ नेलं, तशी ती ऊब तिला ओळखीची वाटू लागली, पण कुठली ते सांगता येईना. एखादं माणूस मागे येऊन उभं राहिलं की मानेला कळतं, तसं काहीतरी.

"दाजी, या फोटोच्या वेळी इकडे काय ठेवलं होतं?"

"काही नाही."

"काहीतरी असणार. भिंत तेव्हाही पिवळीच होती."

"तिथे ही असायची," दाजी म्हणाले. ‘ही’ म्हणजे ताई. तिच्या नावाऐवजी ते अजून हाच शब्द वापरायचे, ती शेजारच्या खोलीत असल्यासारखा. "राखाडी कार्ड धरायला. मग तिथेच थांबायची. कुठे जाणार? तिकडून बाहेर पडायचं तर टेबल हलायचं."

राखाडी कार्ड म्हणजे रंग खरा येतोय की नाही हे ताडायचं साधन. पहिल्या फोटोत ते ढिगापुढे धरायचं. कार्ड राखाडी दिसलं तर बाकीचे रंगही खरे.

धाकटीच्या मनात काहीतरी जुळत होतं, पण हातात चाळणी होती. तिनं हळद सोडली. पिवळा धूर उतरावा तशी ती उतरली, टोक धरलं, एक भेग पडली आणि देखणी पडली. मग नाकाला फडकं बांधून मिरची. फडक्यातूनही ठसका लागलाच. ताई फडकं बांधत नसे. तिला वास घेतल्याशिवाय कण कळायचे नाहीत म्हणे. दाजीही कधी म्हणाले नव्हते, की बांध.

ढीग अजून अर्धाच होता. दाजींना दिव्याचा अंदाज घ्यायचा होता, म्हणून धाकटीनं कार्ड एका वाडग्याला टेकवून ढिगापुढे ठेवलं आणि ती टेबलाच्या डाव्या अंगाला, दिव्यामागे गेली. दाजींनी बटण दाबलं. फोटो शेजारच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटला.

दाजी पडद्यापाशी वाकले. ते तसेच वाकलेले राहिले, तेव्हा धाकटी आली आणि तिनं पाहिलं.

अर्धवट ढीग, मध्ये राखाडी कार्ड, आणि मिरचीची उजवी बाजू स्वच्छ होती. वीट नाही, कोळसा नाही. गडद, खोल, आणि कडांवर ती ऊब.

"तुम्ही काय बदललंत?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"दिवा कमी लागला असेल."

"दिवा कमी लागला असता तर हळदही विझली असती. हळद बघ." हळद लखलखत होती.

दोघांनी उजवीकडे पाहिलं. मधली जागा रिकामी होती. मागे भिंत, भिंतीवर पंजे.

दाजींनी लगेच दुसरा फोटो काढला. वीट. तिसरा. वीट. धाकटीनं कार्ड उचलून पुन्हा ठेवलं, जसंच्या तसं. वीट. पहिला तेवढा आला तसा आला, आणि तो कामाचा नव्हता. त्यात ढिगाच्या तोंडावर कार्ड होतं.

"ढीग पूर्ण कर," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता, आणि तरी त्यात काहीतरी नवं होतं. धाकटीला ते आवडलं नाही. ती आशा होती. "आणि तिकडे जाऊ नकोस. जागा अडवू नकोस."

*

मग दाजी वाट पाहू लागले. ढीग पूर्ण झाला, देखणा झाला. ते थोड्या थोड्या वेळानं बटण दाबत आणि पडद्याकडे बघत. वीट. थांबत. पुन्हा दाबत. मध्येच अगदी हळू म्हणत, "हं, आता," किंवा "जरा डावीकडे," आणि धाकटीला कळायचं की हे तिला उद्देशून नाही.

आधी तिला भीती वाटली. मग भीतीचाही कंटाळा आला, आणि कंटाळ्यातून हिशेब सुचला. हळद ओलावा प्यायला लागली होती. भेगेच्या कडा गोल व्हायला लागल्या होत्या, मघाचा कोरडा खरखरीतपणा बसत चालला होता. अजून थोड्या वेळात ढीग उन्हाळ्यातल्या लोण्यासारखा गुळगुळीत दिसणार. शेठ दुपारी येणार. छापणारा खालच्या मजल्यावर पट्टीसाठी मशीन मोकळं ठेवून बसला होता. आणि इकडे हा माणूस एका मेलेल्या बाईला पोज सांगत होता.

"दाजी, मी उभी राहते तिथे."

"नको."

"ताई उभी राहायची म्हणून सावली यायची. काळा एप्रन, उघडे हात, तोंड. काळ्यानं भिंतीचा पिवळा अडवला आणि कातडीनं थोडी ऊब परत दिली. एवढंच आहे त्यात. कुठल्याही माणसानं येईल."

"कुठल्याही माणसानं?" ते वळले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मग मघाशी कोण होतं?"

धाकटीनं खिळ्यावरचा ताईचा लांब काळा एप्रन उचलला, टेबल जरासं ओढलं, आणि ती त्या फटीत शिरायला वळली.

"हल तिथून!"

दाजी असे ओरडले, जणू कुणाच्या पायावर पाय पडत होता. धाकटी जागच्या जागी थिजली. तिचा एक पाय फटीत होता. तिथली हवा बाकीच्या खोलीपेक्षा गरम होती. दिव्याचा झोत थेट तिथेच येत होता म्हणून असेल. आणि मिरचीचा वास तिथे इतका दाट होता, की श्वास घ्यायचा म्हटलं तर तो चावूनच घ्यावा लागेल. झोतात लाल धूळ तरंगत होती, खाली बसायचं नावच घेत नव्हती. ताई इथे उभी राहायची. दिवसचे दिवस. भिंतीला मागे हात टेकून, हलायचं नाही, खोकायचं नाही, कारण खोकलं तर ढीग ढळतो.

ताई गेली तेव्हा डॉक्टरांनी आजाराला एक लांबलचक नाव दिलं होतं. त्या नावात मिरची नव्हती. घरात सगळ्यांनी ते नाव पाठ केलं होतं.

धाकटीनं पाय बाहेर घेतला. त्या क्षणी तिला लख्ख दिसलं, की तिनं मागितलेली खुर्ची टेबलाच्या कुठल्या बाजूला आहे आणि सगळे जण मिळून तिला कुठे उभं करणार आहेत. आई, दाजी, शेठसुद्धा, हसत हसत. एप्रन तिच्या मापाचाच होता. तेच तर वाईट होतं.

"बरं," ती म्हणाली. "मी नाही. तुम्ही उभे राहा."

"मी?"

"तुम्ही म्हणता तिथे ताई आहे. मग तिच्या शेजारी तुम्हालाच बरी जागा मिळेल. मला कशाला मध्ये घालता?"

"आणि कॅमेरा?"

"बटण कुठे आहे ते मला ठाऊक आहे. उजेड तुम्ही लावलाय, फोकस तुम्ही केलाय. दाबायचंच तर आहे."

दाजींनी एप्रनकडे पाहिलं. तिला वाटलं, ते नाही म्हणतील, आणि मग सगळंच संपेल. ढीग, खुर्ची, शेठ. पण ज्या माणसानं सकाळपासून वाट पाहिली, त्याला आता बोलावणं आलं होतं. त्यानं एप्रन घातला. बंद पाठीमागे पुरेनात. बाह्या दुमडल्या. कडेकडेनं, पोट आत ओढून, ते त्या फटीत शिरले, आणि तोल सावरायला हात मागे गेले, भिंतीवर, अगदी त्या पंज्यांवर.

पडद्यावर फोटो उमटला. सावली स्वच्छ होत आली होती, पण कडा अजून बोथट.

"हात थोडे पुढे आणा. कोपर वर," धाकटी म्हणाली. "तळवा ढिगाकडे. हां. हलू नका."

दाजींचा चेहरा झोतात होता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मिरचीनं येतं तसं, किंवा दुसऱ्या कशानं.

"इथून दिवा सरळ डोळ्यांत येतो," ते म्हणाले, नवल वाटल्यासारखे. "मला माहीतच नव्हतं."

"बोलू नका. ढीग हलतो."

तिनं बटण दाबलं. आली. सावली आली. गडद, कोरडी, आणि कण असे की बोट लावलं तर बोटाला लागतील. पण हळदीच्या भेगेत एक गोळा सुटला होता. तो फोटो बरा होता, उत्तम नव्हता.

"अजून एक," धाकटी म्हणाली.

तिनं चिमट्यानं गोळा काढला. दाजींचा गळा हलताना दिसत होता. ते ठसका गिळत होते. मान लाल झाली होती.

"अजून एक."

आता टोकाशी दोन बिया घरंगळायच्या बेतात होत्या. ती थांबली, त्या घरंगळू दिल्या, पायथ्याशी छान बसल्या. दाजींचे ओठ घट्ट मिटले होते आणि नजर तिच्याकडे नव्हती. शेजारी होती, जरा खाली, ताईच्या उंचीला.

"अजून एकच," ती म्हणाली, आणि तिचा तिलाच आवाज ऐकू आला. तो तिचा नव्हता. शब्द, सूर, ‘एकच’ मधला तो लाडीगोडीचा हेल, सगळं दाजींचं होतं. लहानपणी सुट्टीत ताईकडे राहायला आली की बाहेरच्या बाकावर बसून तिनं तो हेल दिवस दिवस ऐकला होता. आणि दर वेळी त्यामागून दारातून एक बारीक, दाबलेला खोकला ऐकू यायचा. दोनदा. मग ताईचं "काही नाही, काही नाही."

तिनं बटण दाबलं.

आणि खोकला आला. बारीक, दाबलेला. दोनदा.

ढीग हलला नाही. एक कणही हलला नाही. धाकटीनं पडद्यावर पाहिलं. फोटो उत्तम होता. मग तिनं दाजींकडे पाहिलं. त्यांचे ओठ अजून मिटलेलेच होते.

"दाजी, खोकलात?"

त्यांनी फक्त मान हलवली. नाही. आणि मग हसले. ती त्यांना कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच हसताना पाहत होती, आणि ते ज्या बाजूला हसले तिकडे भिंत होती.

"झालं," ती म्हणाली. "या बाहेर."

"तू जा खाली," दाजी म्हणाले. आता त्यांना खरा ठसका लागला, मोठा, पुरुषी, ढीग पाडणारा. हळदीचा कडा कोसळून मिरचीत गेला. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. "पट्टी छापून घे. मी थांबतो जरा इथे."

*

शेठ दुपारी ताटली झाकून घेऊन आले. खालच्या मजल्यावर छपाईच्या मशीनशेजारी, दारातल्या उजेडात, धाकटीनं पट्टी धरली आणि शेठनं तिच्याशेजारी ताटली. आधी हळद. मग मिरची. मग त्यांनी बोट पट्टीच्या सावलीवर ठेवलं आणि नकळत ते बोट बोटावर चोळलं, भुकटी लागली का बघायला. छापणारा हसला. शेठही हसले.

"जमलं," ते म्हणाले. "सख्ख्या बहिणी. कोणी मांडलं?"

"मी."

"आणि काढला कोणी?"

धाकटीनं पट्टी गुंडाळायला घेतली. "मीच."

"मग दोन्ही ठिकाणी तुझंच नाव घालायला सांगतो. दाजी कुठायत तुझे?"

"वर. काम करतायत."

शेठनं वर जिन्याकडे पाहिलं. वरून खोकल्याचा आवाज येत होता. मोठा एक, आणि त्याच्या मागोमाग, हलक्या आवाजात, दोन. शेठनं ताटलीवर झाकण ठेवलं, जरा घट्टच दाबलं, आणि "बरं मग" म्हणून चालू लागले. त्या माणसाला भाव ठाऊक होते, आणि कुठे विचारायचे नाहीत हेही.

बॅनर चढला. लोक आता त्याखालून मान वर करून जातात. एकीनं तर दुकानात येऊन विचारलं म्हणे, की फोटोतलीच मिरची द्या.

धाकटी खुर्चीत बसते. कामं येतात, तीही बरी येतात. भिंत अजून रंगवलेली नाही, आणि फटीत उभं राहायचं काम दाजींनी स्वतःकडे घेतलं आहे. कॅमेऱ्याला ते पुन्हा शिवत नाहीत. तिनं त्यांना नाकाला बांधायला फडकं आणून दिलं. ते घडी करून खिशात ठेवतात. "तिच्यासमोर बरं दिसत नाही," म्हणतात. आई आता जावयाबद्दल काही बोलत नाही. एकदा डबा द्यायला वर आली होती, दारातूनच परत गेली.

तेव्हा हिशेब असा. शेठला रंग मिळाला, खरा, कोरडा, बोटाला लागेलसा. धाकटीला खुर्ची मिळाली, नाव मिळालं, आणि ‘अजून एकच’ म्हणायची सवय मिळाली. ती काही जाता जात नाही. दाजींना शेजार मिळाला. त्यांनी त्याची किंमत द्यायला आता कुठे सुरुवात केली आहे, एकेका श्वासानं, आणि आनंदानं देतायत. धाकटी बटण दाबते आणि ती किंमत घेते. आणि सगळ्यांच्या आधी, कुणी मागितली नसताना, कुणी थांब म्हटलं नसताना, त्या फटीत उभं राहून पुरी किंमत मोजली ती ताईनं.